जोडी-पुनर्संकेतन : चिन्हयुक्त द्विमान गुणाकाराची पद्धती

द्विमान पद्धतीत लिहिलेल्या धन व ऋण संख्यांचा गुणाकार करताना गुणकातील अंक एकेक न घेता उजवीकडून दोन-दोनच्या जोड्यांनी घ्यावयाचे आणि प्रत्येक जोडीच्या जागी −२, −१, ०, +१ व +२ यांपैकी एक अंक लिहून त्या अंकांनी गुण्याला गुणावयाचे, या रीतीस गुणकाचे जोडी-पुनर्संकेतन म्हणतात. बूथ यांच्या मूळ पद्धतीवरून ती निघाली असल्याने ‘सुधारित बूथ पद्धती’ या नावानेही ती ओळखली जाते. या रीतीने गुणाकारातील ओळींची संख्या निम्मी होते, आणि गुणक ऋण असला तरी उत्तरात वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. संगणक अभियांत्रिकीच्या परीक्षांत या पद्धतीवर उदाहरण घालण्याचा प्रघात आहे. विद्यार्थी बहुधा आठ ओळींचा एक तक्ता पाठ करून ते सोडवतात. तक्ता कोठून आला हे ठाऊक नसल्यास मात्र एखादी ओळ चुकली तरी चूक कोठे झाली ते उमगत नाही. म्हणून येथे प्रथम तक्त्याचे मूळ व नंतर एक उदाहरण संपूर्ण दिले आहे.

ऋण संख्यांचे लेखन : द्विमान पद्धतीतील एका अंकाला (० किंवा १) बिट म्हणतात. संगणकात ऋण चिन्हासाठी वेगळी खूण नसते. तेही बिटांतूनच व्यक्त करावे लागते. यासाठी सर्वत्र रूढ असलेल्या रीतीस दोन-पूरक रूप म्हणतात. सहा बिटांची संख्या घेतल्यास बिटांच्या स्थानिक किमती उजवीकडून १, २, ४, ८, १६ अशा नेहमीसारख्याच असतात. फक्त सर्वांत डावीकडील सहाव्या बिटाची किंमत +३२ नसून −३२ असते. दोन-पूरक रूपाचे सारे मर्म एवढ्यातच आहे. उदा., १००१११ ही संख्या −३२ + ४ + २ + १ म्हणजे −२५ होय. ०१००११ ही संख्या १६ + २ + १ म्हणजे +१९ होय. सहा बिटांत अशा प्रकारे −३२ पासून +३१ पर्यंतच्या संख्या लिहिता येतात. दिलेल्या संख्येचे चिन्ह बदलावयाचे असल्यास तिच्यातील प्रत्येक ० चा १ व प्रत्येक १ चा ० करून येणाऱ्या संख्येत १ मिळवतात.

शाळेत शिकवलेली गुणाकाराची रीत या लेखनाला जशीच्या तशी लावली, तर गुणक धन असेपर्यंत काही बिघडत नाही. गुणकाच्या प्रत्येक १ साठी गुण्य एकदा, योग्य तितके डावीकडे सरकवून लिहावयाचे आणि सर्व ओळींची बेरीज करावयाची. गुणक ऋण असला की मात्र ही रीत फसते, कारण डाव्या टोकाच्या बिटाला ती +३२ समजते. १९ ला १००१११ ने गुणताना ती −२५ च्या ऐवजी ३९ ने गुणते, आणि −४७५ च्या जागी ७४१ उत्तर देते. यावर एक उपाय म्हणजे दोन्ही संख्यांची चिन्हे बाजूला काढून गुणाकार करणे व शेवटी चिन्ह लावणे. तो बरोबर असला, तरी त्यासाठी आधी व नंतर पूरक काढण्याचे काम वाढते. पुनर्संकेतनाने हे काम टळते.

वजाबाकीने लिहिलेले अंक : ज्या कल्पनेवर ही पद्धती उभी आहे ती मराठी भाषकाला नवी नाही. मराठीत १९ ला ‘दहा-नऊ’ या अर्थाचे नाव नाही. ‘एकोणीस’ म्हणजे एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस अशी ही नावे एकोणनव्वदपर्यंत चालतात व नव्याण्णवला तेवढी मोडतात. तोंडी हिशेब करणारा माणूस ३५ ची १९ पट काढताना नवाने गुणण्याच्या भानगडीत न पडता वीस पटीतून एक पट वजा करतो : ७०० − ३५ = ६६५. येथे १९ हा गुणक ‘एक, नऊ’ असा न घेता ‘दोन, उणे एक’ असा नव्या अंकांत लिहिला गेला. गुणकाची किंमत बदलली नाही. ती व्यक्त करणारे अंक तेवढे सोयीचे निवडले. पुनर्संकेतन म्हणतात ते हेच.

द्विमान पद्धतीत या युक्तीचा लाभ लगतच्या एकांच्या रांगेमुळे मिळतो. ०१११०० या संख्येत १६, ८ व ४ असे तीन बिट १ आहेत; पण १६ + ८ + ४ = ३२ − ४. म्हणजे रांग कितीही लांब असली, तरी तिच्या डावीकडे लागून असलेल्या स्थानी एक मिळवणी व रांगेच्या उजव्या टोकाशी एक वजाबाकी एवढे पुरते.

बूथ यांची पद्धती : अँड्र्यू डॉनल्ड बूथ (१९१८–२००९) हे इंग्रज शास्त्रज्ञ लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात क्ष-किरण स्फटिकविज्ञानासाठी लागणाऱ्या गणनांवर काम करीत होते. त्या काळच्या हाताने चालविण्याच्या गणनयंत्रांत संख्या एक स्थान सरकवणे हे बेरजेपेक्षा लवकर होई; म्हणून बेरजा कमी करून सरकवणे वाढवण्यात लाभ होता. १९५० मध्ये त्यांनी बसवलेली व १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धती अशी : गुणकातील प्रत्येक बिट व त्याच्या उजवीकडचा बिट यांकडे पहावे. उजवीकडच्या बिटातून तो बिट वजा करावा. येणारा अंक −१, ० किंवा +१ असतो. सर्वांत उजव्या बिटाच्याही उजवीकडे एक शून्य आहे असे मानावे. −२५ म्हणजे १००१११ या गुणकाचे या नियमाने रूपांतर केल्यास पुढील अंक मिळतात :

```
 १   ०   ०   १   १   १  (०)
−१   ०  +१   ०   ०  −१
```

या अंकांची किंमत −३२ + ८ − १ म्हणजे −२५ च आहे. डावीकडील बिटाची किंमत ऋण असल्याची दखल नियमात आपोआपच घेतली जाते. एकांची रांग डाव्या टोकापर्यंत गेली असेल, तर तिच्या पलीकडे मिळवण्यास स्थानच नसते, आणि राहते ती फक्त वजाबाकी.

या पद्धतीत एक उणीव आहे. बिट आलटून-पालटून आले, तर लाभ होण्याऐवजी तोटा होतो. ०१०१०१ (म्हणजे २१) या गुणकात तीनच एक आहेत. पण बूथ यांच्या नियमाने तो +१ −१ +१ −१ +१ −१ असा होतो आणि तीन बेरजांच्या जागी सहा क्रिया कराव्या लागतात. शिवाय कोणत्या गुणकाला किती क्रिया लागतील हे आधी सांगता येत नाही. ठराविक ठोक्यावर चालणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ही अनिश्चितता तोट्यापेक्षाही अडचणीची होय.

जोड्यांची कल्पना : वरील सहा अंक दोन-दोनच्या जोड्यांत बांधले की दोन्ही अडचणी दूर होतात. जोडीतील डाव्या अंकाची स्थानिक किंमत उजव्याच्या दुप्पट असते; म्हणून डाव्याची दुप्पट व उजवा यांची बेरीज केली की जोडीसाठी एकच अंक मिळतो. २१ च्या बाबतीत (+१ −१) या जोडीचा अंक २ − १ = +१ येतो, म्हणजे सहा क्रियांच्या जागी तीन होतात. −२५ च्या बाबतीत (−१ ०) चा −२, (+१ ०) चा +२ व (० −१) चा −१ असे अंक मिळतात. हा विचार मांडून गुणाकाराचा वेग वाढवण्याची रीत आय. बी. एम. कंपनीतील ओ. एल. मॅकसॉर्ली यांनी १९६१ मध्ये द्विमान संगणकांतील जलद अंकगणितावरील आपल्या लेखात दिली. आज जी ‘सुधारित’ पद्धती म्हणून शिकवली जाते ती हीच.

प्रत्यक्षात आधी बूथ यांचे अंक काढून मग त्यांच्या जोड्या बांधण्याची गरज नसते. जोडीतील डावा बिट ड, उजवा बिट उ आणि जोडीच्या लगत उजवीकडचा बिट म (मागचा) असे मानल्यास बूथ यांचा डावा अंक उ − ड व उजवा अंक म − उ हा येतो. डाव्याची दुप्पट व उजवा मिळून

२(उ − ड) + (म − उ) = −२ड + उ + म

हे सूत्र मिळते. ध्यानात ठेवावयाचे एवढेच. तक्ता त्यातून केव्हाही तयार करता येतो :

```
ड उ म   अंक
० ० ०    ०
० ० १   +१
० १ ०   +१
० १ १   +२
१ ० ०   −२
१ ० १   −१
१ १ ०   −१
१ १ १    ०
```

या तक्त्यात ३ हा अंक कोठेही नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दोन बिट एकत्र घेणे म्हणजे चारच्या पायावर संख्या लिहिणे होय, आणि नेहमीच्या रीतीने तेथे ०, १, २ व ३ हे अंक लागले असते. गुण्याची दुप्पट करणे यंत्राला फुकटात पडते, कारण संख्या एक स्थान डावीकडे सरकवली की ती दुप्पट होते. तिप्पट करण्यासाठी मात्र दुप्पट व एकपट यांची खरीखुरी बेरीज करावी लागते, आणि तीत हातचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईस्तोवर थांबावे लागते. पुनर्संकेतनात ३ च्या जागी ४ − १ घेतला जातो : −१ या जोडीत राहतो आणि ४, म्हणजे पुढच्या जोडीतला १, पुढच्या जोडीकडे जातो. पुढची जोडी आपल्या ‘म’ या बिटाकडे पाहते ती हा १ घेण्यासाठीच. हा हातचा जोडीजोडीतून वाहत जात नाही. प्रत्येक जोडी केवळ स्वतःच्या तीन बिटांवरून आपला अंक ठरवते. त्यामुळे सर्व जोड्यांचे अंक एकाच वेळी काढता येतात.

उदाहरण : (+१९) × (−२५) हा गुणाकार सहा बिटांच्या दोन-पूरक रूपात जोडी-पुनर्संकेतनाने करावयाचा आहे. परीक्षेतील उत्तराप्रमाणे त्याच्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

पहिली पायरी, संख्या लिहिणे. गुण्य +१९ = ०१००११. गुणक २५ = ०११००१; त्याचे बिट उलटवून १००११० व १ मिळवून −२५ = १००१११. सहा बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार बारा बिटांत मावतो; म्हणून पुढील सर्व ओळी बारा बिटांच्या लिहावयाच्या.

दुसरी पायरी, गुणकाचे पुनर्संकेतन. गुणकाच्या उजवीकडे एक शून्य लिहून १००१११(०) असे मांडावे आणि उजवीकडून तीन-तीन बिटांचे गट घ्यावेत. लगतच्या दोन गटांत एक बिट समाईक असतो. पहिल्या जोडीचा गट ११०, अंक −२ + १ + ० = −१. दुसऱ्या जोडीचा गट ०११, अंक ० + १ + १ = +२. तिसऱ्या जोडीचा गट १००, अंक −२ + ० + ० = −२. पुनर्संकेतित गुणक डावीकडून −२, +२, −१ असा झाला. जोड्यांच्या स्थानिक किमती १, ४ व १६ आहेत; म्हणून ताळा असा : −१ + (२ × ४) − (२ × १६) = −१ + ८ − ३२ = −२५. हा ताळा एका ओळीत होतो आणि तो जमल्याखेरीज पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी, गुण्याच्या पटी काढणे. येथे लागणाऱ्या पटी −१, +२ व −२ एवढ्याच आहेत. त्या बारा बिटांत अशा :

```
 +१९   ००००००० १००११
 −१९   ११११११１ ०११०१
```

+३८ साठी पहिली ओळ एक स्थान डावीकडे सरकवावी, म्हणजे ००००००१००११० मिळते; तिचे बिट उलटवून १ मिळवल्यास −३८ = ११११११०११०१० मिळते.

चौथी पायरी, ओळी मांडणे व बेरीज. प्रत्येक पुढची ओळ आधीच्या ओळीपेक्षा दोन स्थाने डावीकडे सरकवावी. बाराव्या स्थानापलीकडे जाणारे बिट सोडून द्यावेत.

```
पहिली    १११११११०११०१   (−१९)
दुसरी    ००००१००११०००   (+१५२)
बेरीज    ००००१००००१०१   (+१३३)
तिसरी    ११०११०१०००००   (−६०८)
उत्तर    १११०००१००१०१   (−४७५)
```

पहिल्या दोन ओळींची बेरीज करताना उजवीकडून चौथ्या स्थानी १ + १ मुळे हातचा निर्माण होतो, तो डाव्या टोकापर्यंत जातो आणि बाहेर पडतो. बाहेर पडलेला हातचा टाकून द्यावयाचा असतो. बारा बिटांच्या पलीकडच्या स्थानाची किंमत ४०९६ असते, आणि या लेखनात ४०९६ ची भर किंवा घट यांनी किंमत बदलत नाही. अंतिम उत्तर बारा बिटांच्या मर्यादेत असल्याने चूक संभवत नाही. दुसऱ्या बेरजेत असा हातचा बाहेर पडत नाही.

पाचवी पायरी, उत्तराचा पडताळा. उत्तराचा डावा बिट १ आहे, म्हणजे ते ऋण आहे. बिट उलटवून ०००१११०११०१० व १ मिळवून ०००१११०११०११ मिळतात; त्यांची किंमत २५६ + १२८ + ६४ + १६ + ८ + २ + १ = ४७५. दशमान पद्धतीतही १९ × २५ = ५०० − २५ = ४७५. म्हणून गुणाकार −४७५.

नेहमीच्या रीतीने गुणकाच्या सहा बिटांसाठी सहा ओळी विचारात घ्याव्या लागल्या असत्या. येथे तीनच लागल्या. गुणक कोणताही असला तरी सहा बिटांसाठी तीन ओळींहून अधिक कधीच लागत नाहीत.

चुका व त्यांची ओळख : या उदाहरणात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक चिन्ह-विस्ताराची असते. ऋण संख्येची ओळ बारा बिटांपर्यंत लांबवताना डावीकडे शून्ये न भरता एक भरावे लागतात, कारण −१९ ला सहा बिटांत १०११०१ असे लिहून पुढे शून्ये लावली तर ती संख्या ४५ होते. पहिल्या ओळीत ही चूक झाल्यास −४७५ च्या जागी −४११ उत्तर येते. दोहोंतील फरक नेमका ६४ आहे, आणि तो योगायोग नव्हे : सहा बिटांच्या पलीकडील पहिल्या स्थानाची किंमतच ६४ आहे. दशमान उत्तर आधीच ठाऊक असल्याने विद्यार्थ्याने हा फरक काढून पाहावा. तो २ चा एखादा घात आला, तर दोष बहुधा पुनर्संकेतनात नसून एखाद्या ओळीच्या डाव्या बाजूस आहे.

याच जातीची, पण अधिक फसवी चूक दुप्पट करताना होते. +१९ सहा बिटांत मावतो, +३८ मावत नाही. ०१००११ हे सहा बिटांतच राहून सरकवले तर १००११० येते, आणि त्याचा डावा बिट १ असल्याने ते −२६ असे वाचले जाते. त्यावर प्रामाणिकपणे चिन्ह-विस्तार करणारा विद्यार्थी दुसऱ्या ओळीत +१५२ ऐवजी −१०४ लिहितो व त्याचे उत्तर २५६ ने घसरते. म्हणून गुण्य आधी विस्तारावे आणि मगच सरकवावे. गुण्य −३२ असेल तर आणखी सावध राहावे लागते. त्याची −२ पट +६४ आहे व ती दोन-पूरक रूपात लिहिण्यास आठ बिट लागतात.

ओळी दोनऐवजी एकच स्थान सरकवल्या, तर वरील उदाहरणाचे उत्तर −९५ येते. गुणकाची किंमत −१ + ४ − ८ म्हणजे −५ धरली गेली, असा त्याचा अर्थ होतो. उजवीकडचे मानलेले शून्य विसरून १०० व १११ असे सुटे गट पाडल्यास दोनच अंक मिळतात. ओळींची संख्या बिटांच्या निम्मी आली नाही, तर गट चुकले असे निश्चित समजावे.

बिटांची संख्या विषम असेल, तर जोडी पुरी करण्यासाठी डावीकडे एक बिट वाढवावा लागतो, आणि तो गुणकाच्या डाव्या बिटासारखाच असला पाहिजे. −१३ पाच बिटांत १००११ असा लिहितात. त्याच्या डावीकडे १ लावल्यास ११००११ म्हणजे −१३ च राहतो. ० लावल्यास ०१००११ होतो, आणि तो तर वरील उदाहरणातला +१९ होय.

चिन्हरहित संख्यांचा गुणाकार याच पद्धतीने करावयाचा झाल्यास डावीकडे मुद्दाम दोन शून्ये लावतात. १००१११ हा गुणक चिन्हरहित मानल्यास त्याची किंमत ३९ आहे; ००१००१११ असे लिहिल्यावर −१, +२ व −२ या तीन अंकांनंतर ००१ या गटाचा चौथा अंक +१ मिळतो, त्याची स्थानिक किंमत ६४ आणि −२५ + ६४ = ३९. म्हणजे चिन्हरहित गुणाकाराला एक ओळ जास्त लागते. चिन्हयुक्त संख्यांना ही पद्धती जास्त स्वस्त पडते, ही जरा अनपेक्षित वाटणारी गोष्ट आहे.

यंत्रातील योजना व मर्यादा : यंत्रात प्रत्येक जोडीसाठी एक निवड-मंडल असते. त्याला गुणकाचे तीन बिट दिले की ते शून्य, गुण्य किंवा गुण्याची सरकवलेली प्रत यांपैकी एक पुढे पाठवते व अंक ऋण असल्यास तिचे सर्व बिट उलटवते. पूरक काढण्यासाठी जो १ मिळवावा लागतो, त्यासाठी स्वतंत्र बेरीज करीत नाहीत. पुढची ओळ दोन स्थाने सरकलेली असल्याने तिच्या उजवीकडे दोन जागा रिकाम्या असतात. तो १ त्यांतील योग्य जागी ठेवून देतात आणि सर्व ओळींच्या बेरजेत तो आपोआप मिळतो. फक्त शेवटच्या ओळीच्या १ साठी वेगळी सोय करावी लागते.

संथ व स्वस्त यंत्रात ओळी एकामागून एक मिळवतात. सहा बिटांना तीन, तर चौसष्ट बिटांना बत्तीस फेऱ्या लागतात. जलद यंत्रात सर्व ओळी एकदम तयार करून हातचे पुढे न ढकलता तीन-तीन ओळींच्या प्रत्येक गटाच्या एकाच वेळी दोन ओळी, उरलेल्यांचे पुन्हा तसेच गट अशा रीतीने त्या झाडाच्या फांद्यांसारख्या एकत्र आणतात. ही रचना सी. एस. वॉलेस यांनी १९६४ मध्ये सुचवली. ओळी निम्म्या झाल्याने या झाडाचा पसाराही आटोक्यात राहतो, मात्र त्याची उंची निम्मी होत नाही. ती एक-दोन पातळ्यांनीच घटते आणि त्या बदल्यात निवड-मंडलाचा विलंब पत्करावा लागतो. त्यामुळे वेगापेक्षा जागेची बचत हा या पद्धतीचा अधिक खात्रीचा लाभ ठरतो.

दोनाऐवजी तीन बिटांचे गट केल्यास चौसष्ट बिटांसाठी ओळी बावीसच राहतात. पण तेव्हा अंक −४ पासून +४ पर्यंत लागतात आणि त्यांत ±३ येतो. जी तिप्पट टाळण्यासाठी जोड्या बांधल्या, तीच पुन्हा पुढे येते व गुणाकार सुरू करण्यापूर्वी ती एक बेरीज करून ठेवावी लागते.